८० मिमीच्या मीटरला न दिसलेलं पाणी : नागपूरच्या एका सोसायटीतल्या प्रकल्प नोंदी

३ एप्रिल २०२५

त्रिमूर्तीनगरच्या बाजूची ११२ फ्लॅटची सोसायटी. तक्रार ऐकून आधी मलाही नवल वाटलं. गेटजवळ पाणीपुरवठा खात्याचा ८० मिमीचा मोठा मीटर आहे आणि वर प्रत्येक फ्लॅटला १५ मिमीचा छोटा मीटर. मार्च महिन्यात सगळ्या फ्लॅटच्या मीटरची बेरीज आली १,७४२ युनिट आणि मोठ्या मीटरने दाखवले १,५८१. एक युनिट म्हणजे हजार लिटर, एक घनमीटर. म्हणजे गेटमधून जेवढं पाणी आत आलं, त्यापेक्षा १६१ युनिट जास्त पाणी लोकांनी वापरलं!

बोअरवेल बंद आहे, मार्चमध्ये टँकरही आला नाही. सेक्रेटरी काका म्हणाले, "मॅडम, लोकं म्हणून राहिले की फ्लॅटचे मीटर जोरात पळतात. सगळे बदलून टाका म्हणतात." ११२ मीटर बदलायचे म्हणजे मोठा खर्च. मी त्यांना पंधरा दिवस थांबायला सांगितलं. यांत्रिक मीटर जुना झाला की साधारण कमी दाखवतो. एखादा जोरात पळेलही, पण ११२ मीटर एकाच वेळी जोरात पळतील हे मला पटत नाही. संशय गेटवरच्या मीटरवर आहे. पण आधी छोटे तपासू, लोकांचा राग त्यांच्यावरच आहे.

५ एप्रिल

दोन फ्लॅटचे मीटर काढून आणले आणि माझ्या शेडमधल्या बाकावर चढवले. बाक साधाच आहे. वर स्थिर पातळीची टाकी, मध्ये मीटर, पुढे बारीक नियंत्रणाची तोटी आणि खाली वजनकाट्यावर बादली. एक किलो पाणी म्हणजे एक लिटर धरलं की या कामापुरतं भागतं.

दोन्ही मीटर जुन्या पद्धतीचे, बी वर्गाचे, ताशी दीड घनमीटर क्षमतेचे. या वर्गाच्या मीटरकडून ताशी ३० लिटरच्या खाली कसलीच हमी नसते. ३० ते १२० लिटरच्या दरम्यान नव्या मीटरला ५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते, त्यावर २ टक्के.

पहिल्याची आकडेवारी. ताशी ७५० लिटरला अर्धा टक्का जास्त, म्हणजे छान. ताशी १२० लिटरला ३ टक्के कमी. ताशी ३० ला बादलीत १५ लिटर जमले तेव्हा मीटरने १३.६ दाखवले, म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त कमी. मग तोटी पूर्ण बंद केली आणि पुन्हा ताशी १५ लिटरपुरतीच उघडली. चाळीस मिनिटांत बादलीत १० लिटर पाणी जमलं आणि मीटरवरची, पाणी वाहताना फिरणारी लाल चांदणी जागची हलली नाही. दुसऱ्या मीटरचंही थोड्याफार फरकाने तेच.

माझ्याबरोबर सोसायटीचे प्लंबरभाऊ आले होते. बादलीकडे बघून म्हणाले, "मॅडम, पाणी तं आतून जाऊन राह्यलं ना, मंग चांदणी काऊन नाही हालून राह्यली?"

त्यांना जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. मीटरच्या आत पात्यांचं एक चक्र असतं. पाण्याचा झोत पात्यांवर आदळतो आणि चक्र फिरतं. झोताचा रेटा वेगाच्या वर्गाने बदलतो. प्रवाह निम्मा झाला की रेटा चौथ्या हिश्शावर येतो, प्रवाह दहावा हिस्सा झाला की रेटा शंभरावा. चक्राला अडवणारं घर्षण मात्र तसं कमी होत नाही. खालच्या टोकावरची खुंटी, वरचे दातेरी चाकं, चक्राची गती आकडेयंत्राला पोचवणारं चुंबक, यांचा विरोध जवळपास तेवढाच राहतो. मोठ्या प्रवाहात तो किरकोळ असतो, म्हणून मीटर बरोबर चालतो. प्रवाह घटत गेला की तोच विरोध भारी पडू लागतो, चक्र पाण्याच्या मागे राहतं आणि पाणी पात्यांच्या कडेच्या फटीतून निसटून जातं. आणखी खाली गेलं की चक्र थांबतं. पाणी थांबत नाही.

भाऊंना मी आणखी एक गोष्ट करून दाखवली. तोटी हळूहळू उघडत नेली तेव्हा चक्र ताशी २२ लिटरला सुरू झालं. मग तोटी हळूहळू बंद करत आणली तर ते १४ लिटरपर्यंत फिरत राहिलं. थांबलेल्या चक्राला उठवायला जास्त रेटा लागतो. म्हणून थेंबथेंब गळणाऱ्या फ्लशच्या टाकीचं पाणी रात्रभर मोजलं जात नाही, आणि कुणी क्षणभर नळ उघडून बंद केला की त्यानंतर थोडा वेळ तेच गळतं पाणी मोजलंही जातं. मीटर बिघडला म्हणून घरमालक भांडतो तेव्हा अनेकदा असंच काही घडलेलं असतं.

निष्कर्ष एवढाच, की फ्लॅटचे मीटर जोरात पळत नाहीत. उलट तेही थोडं पाणी गमावतात.

८ एप्रिल

छोट्या मीटरचा विषय इथेच सोडणार होते, पण चौथ्या मजल्यावर एका काकूंच्या गॅलरीत कूलर दिसला आणि थांबले.

नागपुरात एप्रिल लागला की प्रत्येक घरी कूलर चालू. आता बहुतेकांनी कूलरच्या टपात छोटा फ्लोट बसवून नळाची बारीक नळी कायमची जोडून ठेवली आहे. पाणी भरायची कटकट नको म्हणून. काकूंच्या परवानगीने घरातले बाकीचे सगळे नळ बंद केले, फ्लशच्या टाक्यांचे कॉक आवळले आणि कूलर तासभर चालवला. टपातली पातळी फ्लोटने जिथल्या तिथे राखली. मीटरची चांदणी तासभर स्तब्ध. मग नळी काढून तेवढाच वेळ कूलर चालवला आणि पातळी पुन्हा खुणेवर येईपर्यंत मोजपात्राने पाणी ओतलं. नऊ लिटर लागले. वाळ्याच्या ताट्यांतून तासाला नऊ लिटर पाणी उडून जात होतं, आणि फ्लोट ते थेंबाथेंबाने भरून काढत होता.

ताशी नऊ लिटर म्हणजे त्या मीटरच्या जागं होण्याच्या खूप खाली. हेच नऊ लिटर काकूंनी पूर्वीसारखे नळ उघडून दोन मिनिटांत भरले असते तर मीटरने त्यातला थेंब न् थेंब मोजला असता. पाणी तेवढंच, मीटरही तोच. फक्त ते किती हळू गेलं यावर सगळं अवलंबून.

काकूंनी विचारलं, "मग आमची चूक झाली का हो?" मुळीच नाही. पण आता मला गेटवरच्या मीटरचं काय होत असेल याचा अंदाज आला. तिथेही शेवटी एक फ्लोटच आहे, फक्त मोठा.

११ एप्रिल

गेटपासून ८० मिमीची लाइन जमिनीखालच्या टाकीत येते. तोंडाशी दोन इंची बॉल कॉक. टाकीतून पंप वरच्या टाक्यांना पाणी देतो, दिवसातून तीनदा. या भागात आता दिवसभर पाणी असतं, म्हणून टाकी जवळपास भरलेलीच राहते. पंप चालला की पातळी उतरते, बॉल कॉक पूर्ण उघडतो. पंप थांबला की पातळी चढत जाते आणि कॉक हळूहळू मिटत जातो. मिटायला तास न् तास लागतात, आणि त्या सगळ्या वेळात लाइनमधून बारीक होत जाणारी धार वाहत असते.

ही धार मोजायची कशाने? पाइपला बाहेरून लावायचा अल्ट्रासॉनिक प्रवाहमापक आणला होता. भर प्रवाहात तो बरा चालला. पण ताशी अर्धा घनमीटर प्रवाह ८० मिमीच्या पाइपात जेमतेम तीन सेंटिमीटर प्रति सेकंद वेगाने सरकतो. तिथे माझं यंत्र कधी शून्य दाखवत होतं, कधी दुप्पट. ते पेटीत परत ठेवलं.

टाकीच मापाचं भांडं केली. आतून मोजली, ६ मीटर बाय ४ मीटर, मध्ये खांब नाही. म्हणजे २४ चौरस मीटर, आणि पातळी एक मिलिमीटर चढली की २४ लिटर पाणी आलं. लाटांनी वाचन चुकू नये म्हणून तळाशी भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप उभा केला आणि स्टीलची पट्टी त्यात सोडली.

मग पंपाचं माप. येणारा व्हॉल्व्ह बंद करून पंप अर्धा तास चालवला. पातळी २५० मिलिमीटर उतरली, म्हणजे ६ घनमीटर. पंप ताशी १२ घनमीटर देतो. तीनदा केलं, शेकडा एकाच्या आत जुळलं. आता पंप किती वेळ चालला आणि पातळी किती बदलली एवढं माहीत असलं की आत आलेलं पाणी कळतं. गेटच्या मीटरकडे बघायची गरज नाही.

१५–१६ एप्रिल

चौदाला मोजणी ठेवली नव्हती. आंबेडकर जयंती, निम्मी सोसायटी दिवसभर बाहेर, तो दिवस नेहमीसारखा नसता.

पंधराच्या पहाटे चारला सुरू, सोळाच्या पहाटे चारला बंद. पाळ्या लावून दर पंधरा मिनिटांनी पातळी, पंपाची वेळ आणि गेटच्या मीटरचं वाचन. सोसायटीतली दोन मुलं सुरुवातीला आणि शेवटी सगळ्या ११२ मीटरची वाचनं घेऊन आली.

रात्री दोनची नोंद तशीच उतरवते. पंप बंद. गेटच्या मीटरचा काटा स्थिर, चाकही स्थिर. टाकीचं झाकण उघडून कान दिला तर बॉल कॉकमधून पाणी पडल्याचा आवाज स्पष्ट येत होता. दोन ते तीन या तासात पातळी ७ मिलिमीटर चढली. १६८ लिटर आले, मीटरला पत्ता नाही.

दिवसाचा हिशेब असा. सुरुवातीची आणि शेवटची पातळी सारखीच होती. पंप ५ तास २ मिनिटं चालला, म्हणजे आत आलेलं पाणी ६०.४ घनमीटर. गेटच्या मीटरने दाखवलं ५१.९. फ्लॅटची बेरीज ५६.९. दोघेही कमीच दाखवतात. मोठा १४ टक्के कमी, छोटे मिळून सहाएक टक्के कमी, आणि त्या सहामध्ये बागेचं पाणी आणि सामायिक नळही आलेच. मोठ्याची चूक जास्त, म्हणून बेरीज उलटी दिसत होती. मार्चचं कोडं सुटलं.

पण हे ८.५ घनमीटर नेमके कुठे गेले? मला वाटलं होतं बहुतेक सगळे रात्री, काटा थांबलेला असताना. तसं निघालं नाही. प्रवाह ताशी अर्ध्या घनमीटरच्या खाली होता असे सात तास, त्यात आले फक्त १.९ घनमीटर. ते सगळे गेले. अर्धा ते १.२ च्या दरम्यान तीन तास, त्यात २.७ आले आणि १.६ मोजले गेले. १.२ ते ५ च्या दरम्यान आठ तास. त्यात २३.८ आले आणि मीटरने २०.५ मोजले. आणि ५ च्या वर, सर्वांत जास्त ६.४ पर्यंत, सहा तासांत ३२ आले, मोजले २९.८.

म्हणजे सर्वांत मोठा तोटा, ३.३ घनमीटरचा, मीटरचा काटा व्यवस्थित फिरत असताना झाला. दिवसा कुणीही जाऊन बघितलं असतं तर म्हणालं असतं, मीटर चालू आहे. थांबलेला मीटर पकडता येतो. मागे राहणारा मीटर नुसत्या डोळ्यांनी पकडता येत नाही, त्यासाठी असं माप लागतंच.

१९ एप्रिल

हा ८० मिमीचा मीटर बी वर्गाचा, ताशी ४० घनमीटर क्षमतेचा. या आकाराच्या बी वर्गाला क्षमतेच्या ३ टक्क्यांपासून मोजणं बंधनकारक, म्हणजे ताशी १.२ घनमीटर. आणि २ टक्क्यांची अचूकता सुरू होते क्षमतेच्या २० टक्क्यांवर, म्हणजे ताशी ८ घनमीटर. सोसायटीचा सर्वांत मोठा प्रवाह ६.४ आहे. हा मीटर चोवीस तासांत एकदाही आपल्या अचूक टप्प्यात पोचत नाही. त्यात तो नऊ वर्षं जुना, खुंट्या झिजलेल्या.

मग तो बसवला कुणी आणि का? सेक्रेटरी काकांनी जुनी फाइल काढली आणि उत्तर मिळालं. बसवणाऱ्याचं चुकलं नव्हतं. तेव्हा इथे दिवसातून दोनच तास पाणी यायचं. दिवसाचे ६० घनमीटर दोन तासांत घ्यायचे म्हणजे ताशी ३० घनमीटर. त्यासाठी ८० मिमीची उघडी लाइन आणि ४० क्षमतेचा मीटर योग्यच होता. पुढे पाणी दिवसभर येऊ लागलं, टाकी ओसंडू नये म्हणून दोन इंची बॉल कॉक बसला, आणि तेच ६० घनमीटर चोवीस तासांत पसरले. सरासरी ताशी अडीच. पुरवठा बदलला, मीटर मात्र जुन्याच वेळापत्रकाचा राहिला. ज्या भागांत दोन तासांचा पुरवठा दिवसभराचा झाला, तिथल्या प्रत्येक मोठ्या ग्राहकाकडे हे तपासायला हवं असं मला मनापासून वाटतं.

२२ एप्रिल

नवा मीटर निवडायचा. नव्या मानकात मीटरच्या तबकडीवर Q3 म्हणजे कायम चालवता येईल असा प्रवाह लिहिलेला असतो, आणि सोबत R. त्यावरून खालचे दोन आकडे निघतात.

```
Q1 = Q3 / R
Q2 = 1.6 × Q1
Q4 = 1.25 × Q3
```

Q1 पासून मोजणी सुरू होते, ५ टक्क्यांच्या आत. Q2 च्या वर २ टक्क्यांच्या आत. Q4 थोडा वेळच सहन होतो.

पाइपाचा व्यास बघून मीटर घ्यायचा नाही हे ठरलेलंच. माझ्या हातात तीन आकडे होते. मोजलेला सर्वांत मोठा प्रवाह ६.४, सरासरी २.५, आणि रात्रीची बारीक धार. लोकसंख्येवरूनही पडताळलं. ११२ फ्लॅट, घरी चार माणसं, माणशी १३५ लिटर म्हणजे दिवसाला ६०.५ घनमीटर. मोजणीशी जुळतं, म्हणजे पुढे वापर एकदम दुप्पट होण्याची भीती नाही.

वरची मर्यादा मात्र नीट बघावी लागते. गेटवर सकाळी दाब सात मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो, रात्री चौदा. दाब दुप्पट झाला की पूर्ण उघड्या बॉल कॉकमधून प्रवाह दोनच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १.४ पट होतो. टाकी धुतल्यावर रात्री भरायला घेतली तर ताशी ९ पर्यंत जाईल. म्हणून २५ मिमीचा, Q3 ६.३ वाला मीटर बाद. तो दररोज सहा तास आपल्या टोकाला पळेल आणि लवकर झिजेल. लहान मीटर नेहमीच चांगला असंही नाही.

उरले ३२ मिमी, Q3 १०, आणि ४० मिमी, Q3 १६. दोन्ही R160. पहिल्याचा Q1 ताशी ६२.५ लिटर, दुसऱ्याचा १००. मोजणीसाठी ३२ सरस. पण मीटर दाबही खातो. दोन्हींवर Q3 ला ०.६३ बार, म्हणजे सुमारे ६.४ मीटर एवढी कमाल घट लिहिली आहे, आणि ती प्रवाहाच्या वर्गाने उतरते. ६.४ प्रवाहाला ३२ मिमीत २.६ मीटर दाब जाईल, ४० मिमीत एक मीटर. सकाळी हातात सातच मीटर असताना २.६ घालवणं मला नको वाटलं. आणि ४० मिमीने गमावायचं तरी किती? ताशी १०० लिटरच्या खालची धार पहाटे दोनेक तास असते, त्यात मिळून १२० लिटर. दिवसाच्या पाण्याच्या ०.२ टक्के. ४० मिमी ठरवला.

हलणारे भाग नसलेला अल्ट्रासॉनिक मीटर याहूनही खालून मोजतो. पण खात्याच्या मंजूर यादीत या जोडणीसाठी यांत्रिकच आहे, आणि ०.२ टक्क्यांसाठी मी भांडणार नाही.

२७ एप्रिल

रविवारची सभा. मी स्पष्ट सांगितलं की मीटर बदलला की सोसायटीचं बिल वाढेल, रोज आठ-साडेआठ युनिटांनी. थोडा वेळ शांतता. एका आजोबांनी विचारलं, "मग आपण काऊन बदलायचा? त्यांनी बदलू द्या ना." प्रश्न रास्त होता. मी म्हटलं, तुमचं भांडण आपसातलं आहे, फ्लॅटच्या बिलांचं. गेटचा आकडाच चुकीचा असेल तर ते कधीच मिटणार नाही, आणि गळती लागली तरी तुम्हाला कळणार नाही. सेक्रेटरी काकांनी हात वर करायला सांगितलं. बहुमताने ठरलं. ११२ मीटर बदलायचा विषय मागे पडला. कूलरच्या नळ्या काढून पाणी दिवसातून दोनदा नळाने भरायचं, असंही काकूंनी सुचवलं आणि सगळ्यांनी मान्य केलं.

२१ मे

खात्याची परवानगी यायला तीन आठवडे. सील त्यांच्याच माणसाने तोडलं आणि नवं लावलं, आपण हात लावायचा नसतो.

जोडणीत एक चूक होता होता राहिली. प्लंबरभाऊंनी इतवारीतून ८० ते ४० चे रिड्युसर आणले आणि मीटर थेट रिड्युसरच्या तोंडाला लावायला घेतला. अरुंद होताना पाणी घुसळतं आणि चक्रावर वेडंवाकडं पडतं. मध्ये ४० मिमीचा सरळ तुकडा घालायला लावला, आधी व्यासाच्या दहापट म्हणजे ४० सेंटिमीटर, नंतर २० सेंटिमीटर. त्याच्याही आधी जाळी. शिवाय तबकडीवर R160 H असं होतं. H म्हणजे आडवा बसवला तरच १६०. तिरका किंवा उभा बसवला तर खुंटीवरचा भार बदलतो आणि खालची पकड सुटते. पाणपातळीची नळी लावून आडवा केला, तबकडी आकाशाकडे.

२४ मे

पुन्हा चोवीस तास. पंप ५ तास १४ मिनिटं, पातळी सारखी, आत आलेलं पाणी ६२.८ घनमीटर. नव्या मीटरने दाखवलं ६२.१. एक टक्क्याचा फरक, आणि माझ्या मोजणीचीच अचूकता साधारण तेवढी आहे.

रात्री दोनला भाऊ टॉर्च घेऊन चेंबरमध्ये वाकले होते. कॉकची धार तेव्हा ताशी १५० लिटरच्या आसपास असावी. खालून आवाज आला, "मॅडम, फिरून राह्यली चांदणी. हळूच, पण फिरून राह्यली."